पिल्लाच्या लसीकरणाची पॅकेजेस कशी पडताळायची: आधी तारखा, मग लसी, शेवटी पैसे

गेल्या काही वर्षांत आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आणि आजूबाजूला पिल्लं आणणाऱ्या बऱ्याच घरांनी क्लिनिकची दरपत्रकं माझ्यासमोर ठेवली. चूक बहुतेक वेळा तीच असते. दोन पॅकेजेस घेतात, खालची रक्कम बघतात आणि कमी आकड्याचं निवडतात. नाहीतर "यात आठ व्हिजिट आहेत, त्यात पाचच" म्हणून आठवालं घेतात. महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारत नाही: यातला शेवटचा डोस माझ्या पिल्लाला कितव्या आठवड्यात मिळणार?

हा प्रश्न मीही एकेकाळी विचारला नव्हता. आमच्या पहिल्या कुत्र्याचं "पपी पॅकेज" अकराव्या आठवड्यात संपलं आणि पुस्तिकेवर "लसीकरण पूर्ण" असा शिक्का बसला. साडेचार महिन्यांचा असताना त्याला पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार झाला. सहा दिवस सलाइनवर काढून तो वाचला. क्लिनिकने लस खरीच दिली होती, पण शेवटचा डोस लवकर पडला होता आणि मला ते कळलं नव्हतं. तेव्हापासून पॅकेज बघताना मी रक्कम सर्वांत शेवटी बघते.

हा लेख कुत्र्याच्या पिल्लाच्या पहिल्या वर्षापुरता आहे. मांजरांच्या लसी वेगळ्या असतात, त्यांच्यासाठी हेच वेळापत्रक वापरू नका.

## 1. क्लिनिकला फोन करण्याआधी: पिल्लाचं स्वतःचं वेळापत्रक लिहा

पॅकेजचा कागद समोर आला की आपण त्याच्याच क्रमाने विचार करायला लागतो. म्हणून आपला कागद आधी तयार हवा. त्यासाठी पिल्लाची जन्मतारीख लागते. ज्यांच्याकडून आणलं त्यांच्याकडून ती लेखी घ्या. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू असेल तर दात बघून डॉक्टर अंदाजे वय सांगतात, तो अंदाज धरून चाला. आधी कुठला डोस झाल्याचं कोणी सांगितलं, तर पुस्तिकेत स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही आहे का ते बघा. यांतलं एकही कमी असेल तर तो डोस मोजू नका.

आता आठवडे मोजायचे. आपल्याकडे डॉक्टर साधारणपणे असा क्रम धरतात:

- 6 ते 8 आठवडे: पहिला कॉम्बो डोस. यात डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस हे मुख्य.
- त्यानंतर दर 2 ते 4 आठवड्यांनी पुढचे कॉम्बो डोस, आणि शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर.
- 12 आठवड्यांपासून: रेबीज. आपल्याकडे रेबीजचा धोका कायम असल्यामुळे अनेक डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोसही देतात.
- लेप्टो: दोन डोस, मध्ये 2 ते 4 आठवड्यांचं अंतर, आणि पुढे दर वर्षी.
- सहा महिने किंवा एक वर्ष झाल्यावर कॉम्बोचा आणखी एक डोस.

सोळाव्या आठवड्याचा आग्रह का, हे कळलं की पॅकेज वाचणं सोपं जातं. आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. पहिले काही आठवडे ती पिल्लाचं रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडं लसही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. एकाच वेतातल्या एका पिल्लात आठव्या आठवड्यात ओसरतात, तर दुसऱ्यात चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणूनच डोस पुन्हा पुन्हा देतात. तीन डोस दिले की तिप्पट ताकद येते, असा त्यामागचा हिशेब नाही. त्यांतला एक तरी डोस प्रतिपिंडं ओसरल्यानंतर पडावा, एवढाच हेतू आहे. सोळा आठवड्यांनंतरचा डोस जवळजवळ प्रत्येक पिल्लाला लागू पडतो. अकराव्या-बाराव्या आठवड्यात थांबलं तर काही पिल्लं पुस्तिकेवर "पूर्ण" असूनही उघडी राहतात. आमचा कुत्रा त्यांतलाच एक होता.

तपासा: तुमच्या कागदावर पिल्लाच्या 8, 12, 16 आणि 26 आठवड्यांच्या चार तारखा आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

## 2. मुंबईसाठी एक तारीख वेगळ्या रंगाने लिहा: पाऊस

लेप्टो हा शब्द मुंबईकराला ठाऊक आहे. जुलै 2005 च्या पुरानंतर माणसांमध्ये त्याची मोठी साथ आली होती. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. कुत्रा त्या पाण्यातून चालतो, ते पितो, पाय चाटतो. कुत्र्यापासून घरातल्या माणसांनाही लागण होऊ शकते.

काही पॅकेजेस लेप्टो "ऐच्छिक" म्हणून बाहेर ठेवतात. ज्या भागात हा आजार विरळ असतो तिथे ते चालेल. मुंबईत मी ते मान्य करणार नाही. लेप्टोचा एकच डोस पुरत नाही, दोन लागतात, आणि दुसऱ्या डोसानंतरच धड संरक्षण तयार होतं. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे दुसरा डोस मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत झालेला बरा. पिल्लू उन्हाळ्यात आणलं असेल तर हा हिशेब जमतो. जुलैत आणलं असेल तर दुसरा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत त्याला पाणी साचलेल्या रस्त्यावर खाली ठेवायचं नाही.

सावधान: लेप्टोच्या लसीत त्या जंतूचे काही ठरावीक प्रकारच असतात आणि संरक्षण साधारण वर्षभरच धरायचं. दोन डोसांत फार अंतर पडलं तर डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगतात. मधली व्हिजिट चुकवू नका.

## 3. पॅकेजमधल्या लसींची नावं सोडवा

कागदावर "सेव्हन-इन-वन", "नाइन-इन-वन", "टेन-इन-वन" असं लिहिलेलं असतं. मोठा आकडा म्हणजे जास्त आजारांपासून संरक्षण, असा आपला समज होतो. तो आकडा कसा तयार होतो ते बघा.

डिस्टेंपर, पार्वो आणि पॅराइन्फ्लुएन्झा हे तीन. हिपॅटायटिसपासून वाचवायला लसीत अ‍ॅडिनोव्हायरसचा दुसरा प्रकार घालतात. तो श्वसनाच्या आजारालाही उपयोगी पडतो, म्हणून एकाच घटकाची गणती कधी एक, कधी दोन अशी होते. झाले पाच. मग लेप्टोचे दोन प्रकार असतील तर सात आणि चार असतील तर नऊ. काही जण त्यात कोरोना धरून आकडा आणखी वाढवतात. हा कोरोना कुत्र्यांचा, पोटाचा. माणसांच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. जागतिक पातळीवरच्या पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत ही कोरोनाची लस शिफारस केलेली नाही.

म्हणून "इन-वन"चा आकडा सोडून द्या आणि क्लिनिकला चारच गोष्टी विचारा. डिस्टेंपर-पार्वो-हिपॅटायटिस असलेला कॉम्बो किती वेळा? लेप्टो किती वेळा, आणि त्यात किती प्रकार? रेबीज किती वेळा? याशिवाय आणखी काय?

पुन्हा पुन्हा दिसणारे दोन गोंधळ इथेच सांगते. पहिला असा, की सेव्हन-इन-वनमध्ये रेबीज आलंच असं लोक धरतात. नेहमीच्या कॉम्बोत रेबीज नसतं, त्याची सुई वेगळी असते. दुसरा, रेबीज आणि लेप्टोची एकत्र अशी एक लस मिळते. ती घेतली की लेप्टोही झाला आणि रेबीजही झालं, पण पार्वो-डिस्टेंपर झालेलं नसतं. सहा महिन्यांनी पुस्तिका बघताना तो डोस कॉम्बोत मोजला गेलेला मी दोनदा पाहिला आहे.

केनेल कफ या संसर्गजन्य खोकल्याची लस बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल किंवा ट्रेनिंगच्या गटात नेणार असाल तर विचारात घ्या. घरातच राहणाऱ्या पिल्लासाठी तिच्यामुळे पॅकेज महाग होत असेल तर सोडली तरी चालते.

## 4. व्हिजिट मोजताना लसीच्या व्हिजिट वेगळ्या काढा

"आठ व्हिजिट" म्हटलेल्या एका पॅकेजमध्ये मी प्रत्यक्ष मोजल्या तर लस फक्त तीन व्हिजिटांत होती. एक सहा महिन्यांची तपासणी. उरलेल्या चार म्हणजे वजन करून जंताचं औषध पाजायचं. जंताचं औषध आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. लहानपणी दर पंधरवड्याला आणि मग सहा महिन्यांपर्यंत साधारण महिन्याला ते द्यावं लागतं, आणि मात्रा वजनावर ठरते. पण वजन करून डॉक्टरांनी मात्रा लिहून दिली तर सिरप घरी पाजता येतं. त्यासाठी प्रत्येक वेळी घाटकोपरच्या सिग्नलवर पिल्लाला टोपलीत घेऊन बसायची गरज नाही.

व्हिजिटांची यादी घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा: लस, तपासणी की फक्त जंताचं औषध. मग ही यादी पहिल्या टप्प्यातल्या तारखांच्या शेजारी ठेवा. सोळाव्या आठवड्याच्या तारखेसमोर रिकामी जागा दिसली तर ते पॅकेज तुमच्यासाठी अपुरं आहे. तो डोस वेगळा विकत घ्यावा लागेल, आणि त्याची किंमत याच पॅकेजमध्ये मिळवायची.

आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते. लसीच्या दिवशी पिल्लाला ताप असेल किंवा जुलाब होत असतील तर डॉक्टर लस पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवशी तुम्ही क्लिनिकला गेलात म्हणून काही ठिकाणी पॅकेजमधली एक व्हिजिट खर्ची पडते. मग शेवटची लस उरते आणि व्हिजिट संपलेल्या असतात. त्यासाठी हे वाक्य विचारा: "लस पुढे ढकलली तर ती व्हिजिट मोजली जाते का?" उत्तर पावतीवर लिहून घ्या.

तपासा: "तपासणी" म्हणजे नक्की काय? चांगल्या तपासणीत वजन काट्यावर होतं, ताप गुदद्वारातून मोजतात (कुत्र्याचा साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट), हिरड्या, कान, छाती, बेंबीचा हर्निया, कातडीवरच्या गोचिड्या बघतात. प्रत्येक वेळी वजन पुस्तिकेत लिहिलेलं नसेल, तर ती तपासणी कागदावरचीच होती असं समजा.

## 5. कन्सल्टेशन फीचे चार प्रश्न

इथे पैशांचा खरा फरक पडतो. पॅकेजची रक्कम ठरलेली असते, कन्सल्टेशन मात्र बाहेरून हळूहळू वाढत जातं.

एक, लसीच्या दिवशी कन्सल्टेशन पॅकेजमध्ये आहे की वेगळं? दोन, आजारपणात गेलो तर फी किती, आणि किती दिवसांच्या आत पुन्हा दाखवलं तर फी लागत नाही? तीन, रविवारी आणि रात्री वेगळा दर आहे का, आणि "अमर्यादित कन्सल्टेशन"मध्ये तो धरलेला आहे का? चार, घरी येऊन लस देत असतील तर येण्याचा आकार किती?

घरी लस देण्याबद्दल थोडं सांगते, कारण मुंबईत ते वाढलं आहे आणि त्यात तथ्यही आहे. लस पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी क्लिनिकची फरशी ही पार्वोच्या मोठ्या धोक्याची जागा असते. क्लिनिकला जाणार असाल तर पिल्लू मांडीवरच ठेवा, खाली सोडू नका. घरी बोलावणार असाल तर लस बर्फाच्या पिशव्या असलेल्या पेटीतून आली का ते बघा आणि टोचल्यावर डॉक्टर किमान वीस मिनिटं थांबतील का ते आधी ठरवून घ्या. लसीची तीव्र अ‍ॅलर्जी विरळ असते, पण होते तेव्हा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते: तोंड सुजतं, उलट्या होतात, पिल्लू कोलमडतं.

## 6. मुदत: "वार्षिक" पॅकेजचं वर्ष कधी संपतं?

हा सापळा मला बराच उशिरा दिसला. वार्षिक पॅकेजची मुदत पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजतात. वार्षिक बूस्टरची तारीख मात्र मागच्या डोसापासून मोजतात. आठव्या आठवड्यात पैसे भरले आणि शेवटचे डोस सोळाव्या आठवड्यात झाले, तर पुढच्या वर्षीचा बूस्टर मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी येतो. जाहिरातीत "वार्षिक बूस्टरसह" लिहिलेलं असतं आणि तो बूस्टर तुमच्या हाती कधीच पडत नाही. पॅकेजची अंतिम तारीख आणि बूस्टरची तारीख शेजारी शेजारी लिहा, सगळं उघड होतं.

## 7. आता रक्कम: चिकूचं उदाहरण

आमच्याच मजल्यावरच्या वहिनींनी एक देशी पिल्लू आणलं, नाव चिकू, जन्म 10 फेब्रुवारी. त्यांच्या तारखा अशा निघाल्या: 7 एप्रिलला 8 आठवडे, 5 मेला 12, 2 जूनला 16 आणि 11 ऑगस्टला 26. लेप्टोचे दोन डोस 5 मे आणि 2 जूनला धरले, म्हणजे पावसाच्या तोंडावर दुसरा डोस होतो. रेबीज त्याच दोन दिवशी. कॉम्बो चारही तारखांना.

त्यांनी तीन क्लिनिकांकडून दर आणले. हे आकडे त्या तीन कागदांचे आहेत, तुमच्या भागात वेगळे असतील. पद्धत बघा.

अ क्लिनिकचं पॅकेज 2,800 रुपये. त्यात लेप्टोसह कॉम्बो दोन डोस आणि रेबीज एक. शेवटचा डोस बाराव्या आठवड्यात. कन्सल्टेशन दर वेळी 500 वेगळे. सुटा कॉम्बो 900, सुटं रेबीज 350.

ब क्लिनिकचं 5,500. चार व्हिजिट, त्यांत 8, 12, 16 आठवडे आणि सहा महिन्यांची तपासणी. लेप्टोसह कॉम्बो तीन डोस, रेबीज दोन, जंताचं औषध. या चार दिवशी कन्सल्टेशन नाही. आजारपणात गेलं तर 800. सुटा कॉम्बो 1,000.

क क्लिनिकचा वार्षिक प्लॅन 7,500. कॉम्बो तीन, रेबीज दोन (दुसरा वर्षाने), कोरोनाचे दोन डोस, एकदा आंघोळ आणि नखं, दिवसा अमर्यादित कन्सल्टेशन. सुटा कॉम्बो 1,000.

क मध्ये तोच मुदतीचा प्रश्न निघाला. 7 एप्रिलला पैसे भरले तर प्लॅन पुढच्या 6 एप्रिलला संपतो, आणि रेबीजचा वर्षाचा डोस मे महिन्यात किंवा त्यानंतर येतो. वहिनींनी फोन करून विचारलं, तेव्हा दुसरा डोस 2 जूनलाच द्यायला क्लिनिक तयार झालं. न विचारता गेल्या असत्या तर तो डोस वाया गेला असता.

मग प्रत्येक क्लिनिकने चिकूच्या चारही तारखा पूर्ण केल्या तर किती पैसे पडतील ते मांडलं. अ मध्ये पॅकेज 2,800, चार दिवसांचं कन्सल्टेशन 2,000, दोन जादा कॉम्बो 1,800, दुसरं रेबीज 350. बेरीज 6,950. ब मध्ये 5,500 आणि ऑगस्टचा कॉम्बो 1,000, म्हणजे 6,500. क मध्ये 7,500 आणि तोच कॉम्बो 1,000, म्हणजे 8,500.

एवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या वर्षी पिल्लं आजारी पडतात. काहीतरी गिळतात, जुलाब होतात, खाज सुटते. म्हणून आजारपणाच्या फेऱ्या धरून पुन्हा मोजलं:

| आजारपणाच्या फेऱ्या | अ | ब | क |
|---|---|---|---|
| एकही नाही | 6,950 | 6,500 | 8,500 |
| दोन | 7,950 | 8,100 | 8,500 |
| तीन | 8,450 | 8,900 | 8,500 |

कागदावर 2,800 विरुद्ध 7,500 दिसत होतं. प्रत्यक्षात तीन आजारपणं धरली की अ आणि क मध्ये 50 रुपयांचा फरक उरतो. एकही आजारपण नसेल तर सर्वांत स्वस्त वाटणारं अ हे ब पेक्षा 450 ने महाग पडतं.

पैशांनी तिन्ही इतकी जवळ आली की निर्णय दुसऱ्या मुद्द्यावर झाला. वहिनींनी अ क्लिनिकला विचारलं की सोळाव्या आठवड्याचा डोस द्याल का, तर उत्तर आलं, "बाराव्याला झालं की पूर्ण झालं, गरज नाही." ब च्या डॉक्टरांनी न विचारता ती तारीख स्वतःच पुस्तिकेत लिहिली. वहिनींनी ब घेतलं, आणि मीही तेच घेतलं असतं. मात्र चिकू एखाद्या त्वचेच्या तक्रारीसह आली असती, किंवा घरी कुत्र्याचा पहिलाच अनुभव असता आणि दर आठवड्याला काळजी वाटणार असती, तर क चा प्लॅन घ्यायला सांगितलं असतं. आंघोळ आणि कोरोनाच्या डोसांची किंमत मात्र त्यात फायदा म्हणून धरायची नाही. जे तुम्ही सुटं विकत घेतलं नसतं, त्याची बचतही होत नाही.

परळच्या बाई साकरबाई रुग्णालयासारख्या धर्मादाय ठिकाणी जाणार असाल तर तोही चौथा रकाना करा. केसपेपर, लस आणि मुलुंड ते परळ चार फेऱ्यांचं टॅक्सीभाडं, कारण लहान पिल्लू गर्दीच्या लोकलमधून नेणं शक्य नाही. तिथे आजारी जनावरांची गर्दी असते, पिल्लू कडेवरून खाली उतरवू नका.

## 8. पैसे भरण्याआधी पहिला डोस डोळ्यांनी बघा

शक्य असेल तर पहिल्या डोसाचे पैसे सुटे द्या आणि बघून मग पॅकेज घ्या. काय बघायचं?

कॉम्बोच्या लसीत दोन छोट्या बाटल्या असतात. एकीच्या तळाशी पांढरट चकती असते, कोरडी, बोराएवढी. दुसरीत द्रव, बहुतेक वेळा तोच लेप्टोचा भाग. दोन्ही फ्रिजमधून, म्हणजे 2 ते 8 अंशांतून निघायला हव्यात. हात लावला तर गार लागतात. डॉक्टर द्रव सुईने चकतीवर सोडतात, बाटली हलकेच फिरवतात, चकती क्षणात विरघळते आणि तीच सिरिंज लगेच पिल्लाच्या मानेमागे टोचतात. मग बाटलीवरचं स्टिकर सोलून पुस्तिकेत चिकटवतात. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. त्याखाली तारीख, वजन, सही.

आधीच भरून ठेवलेली सिरिंज आली तर नको म्हणा. एकदा मिसळलेली लस लगेच वापरायची असते, आणि आत काय आहे हे तुम्ही बघितलेलं नसतं.

रेबीजबाबत एक बारकावा आहे. ही लस एका डोसाच्या बाटलीत येते आणि अनेक डोसांच्या मोठ्या बाटलीतही येते. सुट्या रेबीजचा दर फार कमी असेल तर बहुधा मोठी बाटली असते. ती थंड ठेवली आणि सांगितलेल्या मुदतीत संपवली तर लस तितकीच चांगली. फक्त प्रत्येक कुत्र्याला स्टिकर मिळत नाही, म्हणून बॅच क्रमांक आणि मुदत डॉक्टरांच्या हातानेच लिहून घ्या. महापालिकेच्या श्वान परवान्यासाठी रेबीजचा दाखला लागतो. तो दाखला पॅकेजमध्ये आहे की वेगळी फी आहे, हेही याच वेळी विचारा.

तपासा: घरी येऊन पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो काढा. स्टिकरवरची मुदत पुढची आहे ना? पुढची तारीख तुमच्या कागदाशी जुळते ना?

## 9. पॅकेज आधीच घेतलं असेल आणि आता चूक दिसली तर

पुस्तिका उघडा आणि शेवटच्या कॉम्बो डोसाच्या दिवशी पिल्लू किती आठवड्यांचं होतं ते मोजा. सोळापेक्षा कमी असेल तर त्याच क्लिनिकला किंवा दुसरीकडे एक सुटा डोस घ्या. पिल्लू आता पाच-सहा महिन्यांचं झालं असलं तरी हा एक डोस उपयोगी पडतो, कारण आईची प्रतिपिंडं आता आड येत नाहीत. सगळा कोर्स पुन्हा करायची गरज नसते. लेप्टोचा एकच डोस झालेला असेल आणि मध्ये बरेच आठवडे गेले असतील, तर लेप्टोचे दोन डोस पुन्हा घ्यावे लागतील. तसं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पॅकेजमध्ये उरलेले, आता नको असलेले डोस असतील, उदाहरणार्थ कोरोनाचे, तर ते रद्द करून त्याऐवजी कॉम्बोचा एक डोस मिळेल का असं विचारा. परत पैसे मागितले तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो, पण अदलाबदलीला बरीच क्लिनिकं तयार होतात, विशेषतः मुदत संपायच्या आत विचारलं तर. दुसऱ्या क्लिनिकला जाणार असाल तर जुनीच पुस्तिका तिथेही चालू ठेवा, नवीन घेऊ नका. दोन पुस्तिकांमध्ये विखुरलेले डोस पुढच्या डॉक्टरांना मोजता येत नाहीत, आणि मग ते सुरक्षित बाजू म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.